ऑप्टोजेनेटिक्स आणि पॅच क्लॅम्प : एकल चेतापेशीच्या अभ्यासातील तुलना

चेतापेशीतील विद्युत्-घडामोडी काचेच्या बारीक पिपेटने मोजण्याची पद्धत म्हणजे पॅच क्लॅम्प, तर निवडक चेतापेशी प्रकाशाने चेतवण्याची किंवा शांत करण्याची पद्धत म्हणजे ऑप्टोजेनेटिक्स. बडोद्यातील पदव्युत्तर संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमासाठी केलेल्या या नोंदीत दोन्हींचा विचार फक्त एका पेशीपुरता केला आहे. ऑप्टोजेनेटिक्सला मापनपद्धती समजण्याचा घोळ विद्यार्थ्यांत नेहमी आढळतो. प्रत्यक्षात तिच्यातला प्रकाश पेशीला हुकूम देतो. पेशीने काय केले ते त्यातून कळत नाही.

पॅच क्लॅम्पच्या उगमाबद्दल फारसा वाद नाही. गटिंगेन येथे अर्विन नेहर आणि बेर्ट झाकमान यांनी १९७६ मध्ये बेडकाच्या स्नायुतंतूवर एका आयन-चॅनेलचा प्रवाह नोंदवला. १९८१ मध्ये पिपेटचे टोक पेशीपटलाला घट्ट चिकटवणारा गिगाओहम जोड आणि अखंड-पेशी नोंदणीचे तंत्र प्रसिद्ध झाले आणि १९९१ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ऑप्टोजेनेटिक्सचे श्रेय मात्र वादग्रस्त आहे. गेरो मीसेनबॉक यांच्या गटाने २००२ मध्ये फळमाशीच्या दृष्टिसंस्थेतील जनुके संवर्धित चेतापेशींत घालून त्या प्रकाशाने चेतवल्या. पण तीन जनुके लागत, आणि प्रतिसाद संथ व अनियमित असे. हरित शैवालातील चॅनेलरोडॉप्सिन हे स्वतःच प्रकाशाने उघडणारे आयन-चॅनेल आहे, असे गेऑर्ग नागेल, पेटर हेगेमान, एर्न्स्ट बाम्बेर्ग व सहकाऱ्यांनी २००२–०३ मध्ये दाखवले. एड बॉयडन, कार्ल डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी त्याचा दुसरा प्रकार चेतापेशींत वापरून २००५ मध्ये मिलिसेकंदांच्या अचूकतेने क्रियाविभव, म्हणजे चेतापेशीचे विद्युत्-आवेग, निर्माण केले. झुओ-हुआ पॅन यांचे दृष्टिपटलावरील काम २००६ मध्ये छापून आले. ते आधीच सुरू झाले होते, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. कल्पनेचे पहिले प्रात्यक्षिक मीसेनबॉक यांचे आणि आज प्रचलित असलेली एक-जनुकी पद्धत २००५ च्या निबंधातील, ही मांडणी प्रस्तुत लेखकास अधिक ग्राह्य वाटते. वादात एक गोष्ट सहसा मागे पडते : २००५ चा पुरावा अखंड-पेशी पॅच क्लॅम्पनेच नोंदलेला होता.

दोन्ही पद्धती एकत्र कशा चालतात हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मेंदूच्या कापात ‘क’ गटातील पेशींत चॅनेलरोडॉप्सिन आहे आणि पिपेट ‘ख’ या पेशीवर आहे. ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ५ मिलिसेकंद दिल्यावर ‘ख’मध्ये आत जाणारा प्रवाह दिसतो. याचा अर्थ ‘क’ची ‘ख’शी थेट जोडणी आहे, असे लगेच म्हणता येत नाही. ‘ख’मध्येच ते प्रथिन आलेले असू शकते किंवा मधे तिसरी पेशी असू शकते. प्रवाह प्रकाशासरशी, जवळजवळ विलंबाविना सुरू झाला तर पहिली शंका घ्यावी. जोडणीतून आलेला प्रवाह काही मिलिसेकंद उशिरा येतो. त्यानंतर टेट्रोडोटॉक्सिन देऊन क्रियाविभव बंद करावेत. ग्लुटामेट-ग्राही रोधकांनंतरही उरणारा प्रवाह ‘ख’च्या स्वतःच्या प्रथिनाचा मानावा. टेट्रोडोटॉक्सिनने प्रतिसाद मावळला आणि ४-अमिनोपिरिडिन मिसळल्यावर परतला, तर जोडणी थेट असल्याचा पुरावा मिळतो. कारण या रसायनाने पोटॅशियम-चॅनेल रोखले की प्रकाश अक्षतंतूच्या टोकाला क्रियाविभवाविनाच पुरेसा चेतवतो. तो परतला नाही म्हणून जोडणी नाहीच, असे मात्र ठरत नाही.

मापनाच्या बाजूलाही फसगत होते. पिपेटचे टोक सुमारे १ ते २ मायक्रोमीटर असते आणि त्यातून पेशीत जाताना श्रेणी-रोध आड येतो. तो १५ मेगाओहम आणि प्रवाह १ नॅनोअँपिअर असेल तर १५ मिलिव्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. यंत्रावर उणे ७० दिसत असले तरी पेशी उणे ५५ वर असते. मोठे प्रवाह त्यामुळे खरे असतात त्यापेक्षा लहान आणि संथ दिसतात. १० मिलिव्होल्टचा चाचणी-स्पंद दिला की सुरुवातीचा प्रवाह-शिखर सुमारे ६७० पिकोअँपिअर यायला हवा. प्रयोगाच्या ओघात तो खाली येऊ लागला तर टोक तुंबत आहे असे समजावे. बडोद्यातल्या पावसाळी दमट हवेत पिपेट ओढण्याच्या यंत्राची उन्हाळ्यातली सेटिंग जशीच्या तशी चालेल असे धरू नये. पिपेट त्याच दिवशी ओढावेत, जुन्या टोकांवर धूळ बसून जोड लागत नाही.

प्रकाशाच्या बाजूची मर्यादा वेगाची आहे. मूळ चॅनेलरोडॉप्सिन बंद व्हायला सुमारे १० मिलिसेकंद घेते. त्यामुळे सेकंदाला ४० च्या वर स्पंद दिले तर काही क्रियाविभव चुकतात, तर कधी एका स्पंदाला दोन येतात. दिलेले स्पंद मोजून पेशी तितक्याच वेळा चेतली असे लिहिणे म्हणून चूक ठरते. नमुन्यादाखल काही पेशी तरी पिपेटने तपासाव्यात. शिवाय पिपेटमधील क्लोराइडचा थर असलेल्या चांदीच्या तारेवर प्रकाश पडल्यास खोटा प्रवाह उमटतो. पिपेट पेशीपासून दूर, नुसत्या द्रावणात ठेवून तोच प्रकाश दिल्यावरही तो दिसला, तर त्याचा पेशीशी संबंध नाही.