अलेग्रो, आंदान्ते आणि मेट्रोनोमचा आकडा

आज मेट्रोनोमवर 'आंदान्ते ७६ ते १०८, अलेग्रो १२० ते १६८' असं छापलेलं दिसतं. त्यामुळे पाश्चात्त्य संगीतातले हे शब्द म्हणजे वेगाची मापंच, असा समज होतो. पण ते रूढ झाले सतराव्या शतकात, मिनिटाला ठरावीक ठोके देणारं हे यंत्र येण्याच्या कितीतरी आधी. इटालियनमध्ये अलेग्रो म्हणजे आनंदी, आंदान्ते म्हणजे चालतं. दोन्ही शब्द चाल आणि भाव सांगत, वेगाचा अंदाज वादकाने करायचा.

तो अंदाज पक्का करायचा एक जुना प्रयत्न मला फार आवडतो. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याचे बासरीगुरू क्वांट्झ यांनी १७५२च्या ग्रंथात माणसाची नाडीच माप म्हणून घेतली, मिनिटाला साधारण ८० ठोके. चार मात्रांच्या साध्या तालात जलद अलेग्रोला एका ठोक्यात हाफ नोट, मध्यम अलेग्रेत्तोला त्याच्या निम्म्या लांबीची क्वार्टर नोट, तर गाण्यासारख्या संथ अदाजोला तिच्याही निम्म्या लांबीची एट्थ नोट. नाडी तीच राहते, बदलतो तो एका ठोक्यात बसणारा स्वर. क्वार्टर नोटमध्ये मोजलं तर हे वेग अनुक्रमे १६०, ८० आणि ४० होतात.

१८१५ साली मेल्त्सेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं. त्यातल्या लंबकाची मूळ कल्पना ॲमस्टरडॅमच्या विंकेलची होती, हे विसरू नये. बेथोव्हेन तर इतका खूश झाला, की अलेग्रो, आंदान्ते हे शब्दच टाकून द्यावेत असं त्याने १८१७मध्ये पत्रात लिहिलं. अलेग्रोचा अर्थ आनंदी आणि रचना मात्र अगदी उलट भावाची, हे त्याला खटकत होतं. त्याच वर्षी त्याने आपल्या आठ सिंफनींचे आकडे छापून दिले.

त्यातली पाचवी सिंफनी बघा. पहिला भाग 'अलेग्रो कॉन ब्रिओ', आकडा १०८. दुसरा 'आंदान्ते कॉन मोतो', आकडा ९२. आजच्या पट्टीवर दोन्ही आंदान्तेच्या खान्यात येतात, पण ऐकताना पहिला झपाट्याने धावतो आणि दुसरा निवांत चालतो. कारण १०८ हा हाफ नोटचा आकडा आहे, म्हणजे क्वार्टर नोट मिनिटाला २१६. ९२ आहे एट्थ नोटचा, म्हणजे क्वार्टर नोट फक्त ४६. म्हणून स्वरलिपीत आकड्याच्या आधी स्वराचं चिन्ह असतं. ते न बघता नुसता आकडा उचलला की घोटाळा होतो.

संगणकावर तर तो हमखास होतो, कारण बहुतेक सॉफ्टवेअर बीपीएम, म्हणजे मिनिटाचे ठोके, क्वार्टर नोटमध्येच धरतात. पाचव्या सिंफनीचा दुसरा भाग तिथे ९२ने वाजवला, तर तो थेट दुप्पट वेगाने पळतो. तिथे ४६ भरावे लागतात, मग पट्टीवर त्या आकड्यासमोर 'लार्गो' छापलेलं असलं तरी.