उंची आणि टाइप टू मधुमेह: ७५ ग्रॅम ग्लुकोजचा गुंता

उंच माणसांना टाइप टू मधुमेहाचा धोका कमी, ही शंका जुनीच. तिला बळ मिळालं २०१९ मध्ये. जर्मनीत १९९० च्या दशकात नोंदवलेल्या साडेसत्तावीस हजार प्रौढांच्या अभ्यासात दिसलं, की दर १० सेंटिमीटर जास्त उंचीमागे धोका पुरुषांत ४१ टक्के आणि बायकांत ३३ टक्के कमी होतो. कंबरेचा घेर हिशेबात धरूनही फरक टिकला. उंच लोकांच्या यकृतात चरबी कमी होती, हे त्यामागचं एक कारण दिसतं.

पण त्याआधीचा एक वाद अजून सुटलेला नाही, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टमध्ये उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्तातली साखर मोजतात. त्यात किती ग्लुकोज द्यायचं? पूर्वी कुठे ५० ग्रॅम देत, कुठे १००. १९८० च्या सुमारास जगभर ७५ ग्रॅम ठरलं, प्रत्येक प्रौढाला सारखंच. मुलांना मात्र किलोमागे पावणेदोन ग्रॅम देतात, फार तर ७५. म्हणजे ४३ किलोला ही मर्यादा गाठली जाते आणि तिथून पुढे ४५ किलोची बाई असो की ९० किलोचा पुरुष, ग्लास तोच. रक्तातली ही साखर मुख्यतः स्नायू ओढून घेतात. लहान चणीच्या शरीरात स्नायू कमी, त्यामुळे दोन तासांनी साखर जास्त उरते.

समजा १४५ सेंटिमीटर उंचीच्या बाईची उपाशीपोटी साखर ९२ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ५.४ टक्के, म्हणजे दोन्ही नॉर्मल. दोन तासांनी मात्र १४८. सीमारेषा १४०, त्यामुळे रिपोर्टवर प्रीडायबिटीस. आजार किती आणि मापाचा दोष किती, हे या एका आकड्यावरून कळत नाही. २००८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने दाखवलं, की या चाचणीत बायकांचे आकडे पुरुषांपेक्षा वर जातात त्याचं कारण बरंचसं उंचीत आहे.

म्हणून सगळा संबंध मापाच्या चुकीचा, असं मात्र नाही. जर्मन अभ्यासातले रुग्ण डॉक्टरांनी निदान केलेले होते, एका ग्लासावर ठरवलेले नव्हते. तिथे पुरुषांमध्ये पायांची लांबी धडापेक्षा जास्त बोलली. पाय मुख्यतः वयात येण्याआधी वाढतात, म्हणून बालपणीच्या पोषणाकडे बोट जातं. पुण्याजवळच्या गावांत १९९० च्या दशकात वजनं घेतली तेव्हा नवजात बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली, इंग्लंडमधली ३.५ च्या. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र तेवढ्या प्रमाणात घटलेली नव्हती. अशा बाळाची मोठेपणी उंची कमी राहिली, तर धोका उंचीमुळे नव्हे, दोन्ही एकाच मुळातून आलेले असू शकतात.