मऊ जमिनीवर घर: सुटे फुटिंग, पट्टी पाया की राफ्ट?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

खड्डा खणल्यावर तळाच्या मातीत अंगठा सहज रुतत असेल, तर त्या प्लॉटवर कोणता पाया घालायचा हे शेजारच्या घराकडे बघून ठरवू नये. शेजारी सुटे फुटिंग, म्हणजे प्रत्येक कॉलमखाली वेगळा चौकोनी पाया, चालले म्हणून आपल्याकडे चालेलच असे नाही. आणि राफ्ट, म्हणजे अख्ख्या घराखाली एकच सलग काँक्रीटचा स्लॅब, ‘टाकला की काळजी मिटली’ हेही खरे नाही. निवड कशी होते ते एका घराच्या आकड्यांतून बघू.

घर असे धरा: तळमजला आणि वर एक मजला, आरसीसी फ्रेम, विटांच्या भिंती. बाहेरची मापे 8 मीटर बाय 10.5 मीटर. कॉलम बारा, एका दिशेला 4 मीटरवर आणि दुसऱ्या दिशेला 3.5 मीटरवर. पायापर्यंत येणारा भार ढोबळमानाने मधल्या दोन कॉलमवर प्रत्येकी 40 टन, कडेच्या सहांवर प्रत्येकी 22 टन आणि कोपऱ्यातल्या चारांवर प्रत्येकी 12 टन. सगळे मिळून 260 टन. प्लॉट ओढ्याकाठचा, गाळवट चिकणमातीचा. माती तपासणीच्या अहवालात सुरक्षित भारक्षमता, म्हणजे एसबीसी, चौरस मीटरला 5 टन आली आहे.

आधी सुट्या फुटिंगचा हिशेब

फुटिंगचे स्वतःचे वजन म्हणून भारात दहा टक्के वाढवायचे आणि एसबीसीने भागायचे. मधल्या कॉलमचे 44 टन भागिले 5 म्हणजे 8.8 चौरस मीटर, म्हणजेच 3 मीटर बाय 3 मीटरचे फुटिंग. कडेच्या कॉलमला 2.2 मीटर बाजूचे आणि कोपऱ्याला 1.65 मीटर बाजूचे फुटिंग लागते. मधले दोन कॉलम एकमेकांपासून 3.5 मीटरवर आहेत, म्हणजे त्यांच्या फुटिंगमध्ये जेमतेम दीड फूट माती उरते. बाराही फुटिंगचे क्षेत्रफळ मिळून 58 चौरस मीटर होते आणि घराचे आहे 84. जवळजवळ सत्तर टक्के जमीन फुटिंगखाली गेली.

आमच्या कामातला ठोकताळा असा: फुटिंगची बेरीज घराच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याच्या पुढे गेली की राफ्टचा विचार सुरू करायचा. हेच घर 10 टन एसबीसीच्या जमिनीवर असते, तर फुटिंग 2.1, 1.6 आणि 1.2 मीटरची झाली असती आणि बेरीज 36 टक्क्यांवर थांबली असती. तिथे आम्ही डोळे झाकून सुटे फुटिंग सुचवतो, राफ्टवर पैसे घालवू देत नाही.

पण टक्केवारी हा अर्धाच प्रश्न झाला. घराला तडे पाया खचल्याने जात नाहीत, कमीजास्त खचल्याने जातात. सगळे घर सारखे 40 मिलिमीटर बसले तर पायरी आणि ड्रेनेजच्या पाइपाचा उतार सोडला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. भारतीय मानक आयएस 1904 प्रमाणे आरसीसी फ्रेमच्या सुट्या फुटिंगमध्ये दोन कॉलमच्या खचण्यातला फरक त्यांच्या अंतराच्या 0.0015 पट चालतो. म्हणजे 4 मीटरवरच्या दोन कॉलममध्ये 6 मिलिमीटर. मऊ मातीत एका फुटिंगखाली जुनी विहीर, कुजलेल्या मुळ्यांचा खड्डा किंवा ओढ्याची भरलेली कड असेल, तर एवढा फरक पहिल्या पावसाळ्यातही पडू शकतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चढणारी, वर रुंद होत जाणारी भेग ही त्याची खूण. प्लास्टरच्या केसासारख्या जाळीदार भेगा वेगळ्या. त्यांचा पायाशी सहसा संबंध नसतो.

पट्टी पाया कुठे खरा उपयोगी पडतो

भिंतींवर उभ्या असलेल्या एकमजली घराला पट्टी पाया, म्हणजे भिंतीखाली तिच्या लांबीभर जाणारा सलग पाया, स्वाभाविकच आहे. विटांची 9 इंची भिंत, वर स्लॅब, मिळून मीटरला साधारण 4 टन आले तर 5 टनांच्या जमिनीवर 0.9 मीटर रुंद पट्टी पुरते.

वरच्या उदाहरणातल्या फ्रेमच्या घरालाही पट्टी घालता येते, कॉलमच्या रांगेखाली, वर जाडजूड बीम ठेवून. पट्टी दोन्ही टोकांना अर्धा मीटर बाहेर काढली तर लांबी 11.5 मीटर होते. मधल्या रांगेची रुंदी 2.4 मीटर आणि बाजूच्या दोन रांगांची 1.3 मीटर येते. क्षेत्रफळ पाहा: जवळपास तेवढेच, 57 चौरस मीटर. मग फायदा काय? एका रांगेतला मऊ पट्टा बीम ओलांडून नेतो. एक कॉलम खाली जायला लागला की त्याचा भार शेजाऱ्यांकडे सरकतो. मात्र ही मदत रांगेच्या दिशेनेच मिळते. एक अख्खी रांग ओढ्याकडच्या भरावावर आणि दुसरी पक्क्या जमिनीवर असेल, तर त्या दोन पट्ट्या आपापल्या गतीने बसणार. आडवे बीम टाकून थोडे सावरता येते, पण मऊ जमिनीत आडवे बीम मजबूत करत गेलो की शेवटी राफ्टच्याच खर्चाजवळ पोचतो. म्हणून पट्टी आम्ही तेव्हाच सुचवतो, जेव्हा माती कमजोर पण सारखी आहे आणि एका दिशेचे कॉलम जवळजवळ आहेत. शेजारच्या हद्दीला कॉलम चिकटला असेल तरीही ती कामाची. हद्दीवरचे सुटे फुटिंग एका बाजूला वाढवता येत नाही आणि कलते, पट्टी त्याला आतल्या कॉलमशी बांधून घेते.

राफ्ट, आणि राफ्टचा विसरला जाणारा भार

आपल्या घराला राफ्ट चारही बाजूंनी अर्धा मीटर बाहेर काढला तर 9 बाय 11.5, म्हणजे 103.5 चौरस मीटरचा होतो. जाडी 300 मिलिमीटर धरली तर काँक्रीट 31 घनमीटर लागते. सुट्या फुटिंगला साधारण 23 घनमीटर लागले असते. सळईतला फरक याहून मोठा, कारण राफ्टला वर आणि खाली दोन जाळ्या लागतात. राफ्टचे स्वतःचे वजन 78 टन. घर धरून 338 टन, भागिले 103.5, म्हणजे चौरस मीटरला 3.3 टन. 5 टनांच्या आत, बरेच आत.

इथेच चूक होते. राफ्ट जमिनीखाली दोन फुटांवर आणि प्लिंथ जमिनीवर दोन फूट, म्हणजे राफ्टवर जवळपास 0.9 मीटर मुरूम भरावा लागतो. मुरमाचे वजन घनमीटरला 1.8 टन धरा. चौरस मीटरला आणखी 1.6 टन आले आणि बेरीज 4.9 झाली. दिलासा एवढाच की दोन फूट माती उपसून आपण चौरस मीटरला साधारण 1 टन वजन आधीच काढून टाकलेले असते. अहवालातली एसबीसी निव्वळ, म्हणजे उपसलेल्या मातीचे वजन वगळून दिलेली असेल, तर तुलना 3.9 शी करायची. पण काम चालू असताना ‘रस्ता उंच होतोय, प्लिंथ अजून दोन फूट वाढवा’ असे ठरले, तर आणखी 1.1 टन येतात आणि बरोबर 5 वर पोचतो. उंची आधी ठरवा. नाहीतर भरावाऐवजी प्लिंथचा स्लॅब वर उचलून खाली पोकळी ठेवावी लागते.

दुसरी मर्यादा खोलीची. पायाचा दाब त्याच्या रुंदीच्या दीड ते दोन पट खोलीपर्यंत जमिनीला जाणवतो. दीड मीटरच्या फुटिंगचा दाब 3 मीटरवर विरतो, 9 मीटर रुंद राफ्टचा 13 मीटरखालीही पोचतो. वर घट्ट माती आणि 5 मीटरवर मऊ गाळ असेल, तर तो गाळ सुट्या फुटिंगला जाणवणारच नाही आणि राफ्ट मात्र दाबेल. म्हणूनच एक-दोन फुटी प्लेट ठेवून केलेल्या लोड टेस्टच्या आकड्यावर राफ्ट ठरवू नका. ती चाचणी तीन-चार फुटांखालचे काहीच सांगत नाही. राफ्टसाठी निदान दोन बोअर हवेत, घराच्या विरुद्ध कोपऱ्यांवर, म्हणजे थर एका बाजूला उतरत असेल तर कळते.

काळी माती: हा वेगळा रोग आहे

विदर्भ, मराठवाड्यात ‘जमीन कमजोर आहे’ म्हणतात तेव्हा बहुधा काळी माती असते. ती नुसती मऊ नाही, पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पावसाळ्यात घराच्या कडेची माती भिजून वर उचलते, मधली कोरडी राहते, आणि पातळ सपाट राफ्ट परातीसारखा वाकतो. 5 टनांच्या गाळवट जमिनीवर जे औषध, ते इथे अपाय करते.

फुगवटा ओळखायची चाचणी स्वस्त आहे. चाळलेली 10 ग्रॅम कोरडी माती एका नळीत रॉकेलमध्ये आणि तेवढीच दुसऱ्या नळीत शुद्ध पाण्यात टाकतात. चोवीस तासांनी पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा निम्म्याहून जास्त वाढलेली दिसली, म्हणजे फुगवटा 50 टक्क्यांच्या वर गेला, की ती जमीन आम्ही फुगणारी धरतो.

काळ्या मातीखाली आठ-नऊ फुटांत मुरूम लागत असेल तर सरळ मुरमापर्यंत खणा आणि सुटे फुटिंग तिथे टेकवा. मुरमाची एसबीसी चांगली असल्याने फुटिंग लहान होते आणि खोदाईचा खर्च त्यातून निघतो. प्लिंथ बीमखाली मात्र 80 मिलिमीटर मोकळी जागा सोडा, नाहीतर फुगणारी माती बीमच उचलते आणि फुटिंग पक्के असूनही भिंत तडकते. मुरूम फार खोल असेल तर या तिन्हींपैकी काहीच न घेता अंडर-रीम पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे, तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब, घ्यावेत. ते किमान साडेतीन मीटर खोल जातात, कारण तिथपर्यंत ऋतूंची हालचाल जवळजवळ संपते.

खड्डा उघडल्यावर

मऊ मातीचा तळ उघडा राहिला की तासांत बिघडतो. शेवटचे सहा इंच पीसीसीच्या, म्हणजे तळाला साधे बिनसळईचे काँक्रीट घालण्याच्या, दिवशीच काढा. पावसाने तळ लोण्यासारखा झाला असेल तर तो थर खरवडून टाका आणि ती जागा पीसीसीने भरा, मातीने नाही. मशीनने जास्त खणले गेले तरी हाच नियम. आणि अर्धा खड्डा पक्क्या मुरमात, अर्धा भरावात निघाला, तर काम थांबवून आम्हाला फोन करा. अशा जागी राफ्टही एका बाजूला टेकून दुसरीकडे लोंबकळतो. भराव काढून मुरमापर्यंत उतरणे किंवा घराची जागा प्लॉटवर थोडी सरकवणे बहुधा स्वस्त पडते.

आमच्याकडे येताना वास्तुविशारदाचा कॉलमचा नकाशा, माती तपासणीचा अहवाल आणि प्लिंथची ठरलेली उंची आणावी. प्लॉटवर पूर्वी ओढा, विहीर किंवा विटभट्टी होती का, हे जुन्या शेजाऱ्यांना विचारून यावे.