ठाण्यातला अभिजित मुहूर्त घड्याळाच्या बारा वाजता का नसतो?

जानेवारीच्या मध्यावर आमच्या ठाण्यातील सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका दुकानाच्या उद्घाटनाचे निमंत्रण आले. त्यात तिथीखाली 'अभिजित मुहूर्त ११.३६ ते १२.२४' असे छापलेले होते. हे आकडे वर्षभर अनेक निमंत्रणांवर दिसतात. सूर्य बरोबर सहाला उगवतो, सहाला मावळतो आणि बाराला डोक्यावर येतो, असे गृहीत धरले तरच ते खरे ठरतात. ठाण्यात असा दिवस वर्षातून एकदाही येत नाही.

पंचांगातली दिवसाची ओळ वाचताना पहिली गफलत तिथीपाशी होते. 'दशमी ७.०५' असे लिहिलेले असेल, तर ती दशमी सुरू होण्याची नव्हे, संपण्याची वेळ असते. '२६.१०' असे दिसले, तर ती छपाईची चूक नसून मध्यरात्रीनंतरचे २ वाजून १० मिनिटे होत, कारण पंचांगाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो.

तिथी म्हणजे पृथ्वीवरून पाहताना चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकण्यास लागणारा काळ. अमावास्येला दोघांमधले अंतर शून्य अंश होते आणि तेथून प्रत्येक १२ अंशांना एक तिथी पूर्ण होते, म्हणून ३६० अंशांत ३० तिथी बसतात. मात्र चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे तो पृथ्वीच्या जवळ असताना दिवसाला सुमारे १५ अंश धावतो, तर दूर असताना १२ अंशांहूनही थोडा कमी चालतो. सूर्य रोज जवळपास एक अंश पुढे जातो, तेवढे यातून वजा करावे लागते. म्हणून एखादी तिथी सुमारे २० तासांत आटोपते, तर एखादी २६ तासांहून अधिक लांबते. छोटी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपली, तर तिला सूर्योदय मिळत नाही आणि पंचांगात तिचा 'क्षय' होतो. लांब तिथीने दोन सूर्योदय व्यापले, तर तिची 'वृद्धी' होते.

तिथी संपण्याचा क्षण सगळीकडे एकच असतो, सूर्योदय मात्र गावोगावी वेगळा असतो. समजा, १५ जानेवारीला दशमी सकाळी ७.०५ ला संपते. नागपुरात त्या दिवशी सूर्य सुमारे ६.५३ ला उगवतो, म्हणून तेथे सूर्योदयाची तिथी दशमी. ठाण्यात तो ७.१४ च्या सुमारास उगवतो, म्हणून येथे एकादशी. दोन्ही पंचांगे बरोबर आहेत, त्यामुळे पंचांग कोणत्या गावासाठी केले आहे, हे आधी पाहावे.

मुहूर्ताचे गणितही याच सूर्योदयावर उभे आहे. दिनमानाचे, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे, १५ समान भाग केले की आठवा भाग अभिजित होतो, आणि त्याचा मध्य म्हणजे खरी मध्यान्ह. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, ठाणे जवळपास ७३ अंशांवर आहे. साडेनऊ अंशांच्या या फरकाला अंशाला चार मिनिटे धरून ३८ मिनिटे होतात, म्हणून आपली मध्यान्ह सरासरीने १२.३८ ला येते. १५ जानेवारीला सूर्योदय ७.१४ आणि सूर्यास्त ६.२० धरला, तर दिनमान ६६६ मिनिटांचे आणि त्याचा पंधरावा भाग ४४ मिनिटांहून किंचित मोठा. मध्यान्ह १२.४७ ला, म्हणून अभिजित १२.२५ ते १.०९. निमंत्रणावरचा मुहूर्त खरा अभिजित सुरू होण्याच्या एक मिनिट आधीच संपला होता.

राहुकाळाचे पाठ केलेले कोष्टकही असेच सहा ते सहा या दिवसावर बेतलेले आहे. त्यात दिनमानाचे आठ भाग करतात आणि सोमवारी दुसरा भाग घेतात. कोष्टक त्यासाठी ७.३० ते ९ सांगते, पण जानेवारीच्या मध्यावर ठाण्यात तो भाग ८.३७ ते १० असा येतो. चंद्राच्या कक्षेचा जो छेदनबिंदू राहू म्हणून ओळखला जातो, त्याची आकाशातली त्या वेळची जागा या गणितात कुठेच वापरलेली नसते. वाराप्रमाणे भाग वाटून देण्याचा हा केवळ संकेत आहे. या संकेताच्या धाकाने रुग्णालयात जाणे किंवा प्रवासाला निघणे लांबवणे मला घातक वाटते. सूर्य कधी माथ्यावर येईल हे गणित सांगते, ती वेळ शुभ का हे सांगण्याचे साधन गणिताजवळ नाही.

मध्यान्हेची खातरजमा कोणालाही गच्चीवर करता येते. सपाट जागी एक काठी सरळ उभी करावी आणि बारापासून दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडूची खूण करावी. सर्वांत आखूड सावलीची वेळ हीच मध्यान्ह. पृथ्वीच्या कक्षेचा आकार आणि तिच्या अक्षाचा कल यांमुळे ही वेळ वर्षभर सरकत राहते. ठाण्यात ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२२ च्या आसपास येते, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२.५२ पर्यंत जाते.