पऱ्हाटीवरच्या मुंग्या पान खात नाहीत

'पऱ्हाटीवर मुंग्या चढल्या, पानं खाऊन टाकतील. फवारा मारू का?' (हिंगण्याहून आलेला प्रश्न)

थांबा. आधी एक पान उलटं करून पाहा. मधल्या शिरेवर बारीक खळगी दिसेल. ती मधुग्रंथी. फुलाशी संबंध नसलेला गोड रस तिथून पाझरतो. मुंग्या येतात त्यासाठी, आणि साखरेवर पोट भरलं तरी प्रथिनं लागतात म्हणून वाटेतली अंडी, बारक्या अळ्या उचलतात. अळीनं पान कुरतडलं की रस वाढतो.

पण हा सौदा फुकटचा नाही. झाडाची साखर खर्च होते आणि तोच रस बोंडअळीचे पतंगही पितात. म्हणून तर हवाईतल्या रानटी कपाशीचा ग्रंथी नसल्याचा गुण घेऊन बिनमधुग्रंथीचे वाण तयार केले गेले. मुंग्यांनाही किंमत मोजावी लागते: कामकरी मुंग्या कोळ्यांच्या तोंडी जातात.

खरी अडचण मावा आला की. त्याचा चिकटा मुंग्यांना आवडतो, मग त्या ढालकिड्यांना हुसकावून माव्यालाच राखतात. शेंडे चिकट, पानं मुरडलेली, तर बंदोबस्त माव्याचा करा. पानं स्वच्छ असतील तर फवारणीचे पैसे वाचवा.