एक्सप्लेनर व्हिडिओ: स्क्रिप्टची पडताळणी आणि पूरक दृश्यं (पुणे, मुठा विसर्ग)

गल्लीतला किंवा वॉर्डातला एखादा प्रश्न दोन-तीन मिनिटांत समजावून सांगणाऱ्या व्हिडिओसाठी आधी प्रत्येक वाक्य तपासून स्क्रिप्ट लिहायची आणि मग त्या वाक्याला नुसतं शोभेल असं नाही, तर त्याला पुरावा ठरेल असं फुटेज निवडायचं, अशी ही पद्धत. पुण्यात याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे पावसाळ्यात मुठा नदीवरचा डेक्कनचा भिडे पूल पाण्याखाली का जातो, म्हणून इथे तेच घेतलंय.

कागद दोन रकान्यांचा असतो, डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज. पडताळणी करणारे तिसरा रकाना जोडतात आणि त्यात वाक्याचा आधार लिहितात. तीन मिनिटांना साधारण साडेतीनशे शब्द पुरतात, त्यामुळे जास्तीचा आकडा तिथेच गळतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टीएमसी आणि क्युसेकचा. टीएमसी म्हणजे साठा, एक अब्ज घनफूट पाणी. क्युसेक म्हणजे वेग, सेकंदाला एक घनफूट. "धरणातून ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं" हे वाक्य बातमीत चालून जातं पण स्क्रिप्टमध्ये अर्धवटच, कारण किती वाजता आणि किती वेळ हे कळल्याशिवाय त्यातून पाणी किती गेलं ते कळत नाही. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे ११,५७४ क्युसेक सलग चोवीस तास चालू राहिले की एक टीएमसी होतो, आणि ३५ हजार क्युसेक दिवसभर चालले तर तीन टीएमसीच्या आसपास. आता मुठेवरच्या खडकवासला धरणाची स्वतःची क्षमता जेमतेम दोन टीएमसी. म्हणजे असा विसर्ग दिवसभर चालला तर ते पाणी एकट्या खडकवासल्याचं असूच शकत नाही, वरून पानशेत, वरसगाव, टेमघरचं किंवा मधल्या पाणलोटातलं येतच असणार. चारही धरणं मिळून २९ टीएमसीच्या आसपास, त्यात खडकवासला सगळ्यात छोटं आणि शहराच्या सगळ्यात जवळचं. हा हिशोब कागदावर एकदा मांडला की स्क्रिप्टचं मधलं मिनिट आपोआप उभं राहतं.

पण कारण तिथेच संपत नाही. खडकवासला आणि डेक्कनच्या मधे शहराचंच पाणी नदीत येतं, आंबिल ओढा दत्तवाडीच्या बाजूला मुठेला मिळतो, म्हणजे भिडे पुलाच्या वरच्या अंगाला. म्हणून "धरणामुळे पूल बुडाला" यापेक्षा "विसर्ग आणि शहरातलं पावसाचं पाणी मिळून" हे लिहिणं जास्त सुरक्षित, शिवाय पूलच मुळात कमी उंचीचा आहे हे सांगायचंच. पाटबंधारे खात्याचा आकडा धरणाच्या दारावरचा असतो, पुलाखालचा नव्हे. तासागणिक विसर्गाची नोंद हवी तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असल्याने पावसाळ्यातल्या व्हिडिओला ते उपयोगी पडेलच असं नाही.

खडकवासला नेमकं कधी पूर्ण झालं याबद्दल १८७९ आणि १८८० अशी दोन्ही सालं लिहिलेली सापडतात. बहुतेक जण १८७९ धरतात, पण स्क्रिप्टमध्ये "१८७० च्या दशकाअखेर" पुरेसं आहे. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराची कृष्णधवल चित्रं वापरायचा मोह फार होतो, हरकत नाही, पण तेव्हा धरण फुटलं होतं आणि हा ठरवून सोडलेला विसर्ग आहे, त्यामुळे वर साल नाही टाकलं तर बघणारा दोन्ही एकच समजतो.

फुटेजमध्ये जुन्या क्लिपा नव्या म्हणून फिरतात, आणि भिडे पुलाच्या क्लिपा तर दर वर्षी. ओळखायची सोपी खूण मेट्रो. गरवारे कॉलेज ते सिव्हिल कोर्ट हा टप्पा १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला आणि डेक्कनला त्याचा उन्नत मार्ग नदीच्या कडेनेच जातो. पुलावरून त्या बाजूला बघणाऱ्या फ्रेममध्ये खांबच नसतील तर क्लिप बरीच जुनी, धावती मेट्रो दिसली तर बहुधा त्यानंतरची. खांब अर्धवट असतील तर मधल्या काळातली, पण यातून नेमकं साल काढायला जाऊ नये. कॅमेरा उलट्या दिशेला असेल तर ही खूण चालत नाही, मग मूळ फाईल मागायची. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाईलला चित्रीकरणाची वेळ बहुतेकदा उरतच नाही, म्हणून ज्याने काढली त्यालाच विचारलेलं बरं.

क्लिपची वेळही आकड्याशी जुळायला हवी. विसर्ग वाढवल्यावर पाणी डेक्कनला पोचायला वेळ लागतो, त्यामुळे सकाळी सहाच्या आकड्यावर सहाचंच पुलाचं दृश्य लावलं की कार्यकारणभाव चुकीचा दिसतो. काळाची खात्री नसेल तर नकाशा किंवा साधा आलेख लावावा. दिसायला फिका वाटतो, खोटा नसतो.

ड्रोनचं दृश्य सगळ्यांनाच हवं असतं. पण लोहगावला हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याला लागून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हणजे एनडीए, त्यामुळे २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय नकाशातला झोन बघितल्याशिवाय उडवू नये. एवढं करण्यापेक्षा बरेच जण शेजारच्या उंच पुलाच्या कठड्यावरूनच शूट करतात.