गेम कोणाचा आणि सेव्ह कोणाचा: एका पीएस-फाइव्हवर दोघांनी खेळताना

घरात पीएस-फाइव्ह एक आणि खेळणारे दोघं असले की कधी ना कधी ‘माझा सेव्ह उडाला’ ही तक्रार ऐकू येतेच. थोडं खोदून विचारलं की कळतं, दोघंही एकाच प्रोफाइलवरून खेळत होते. असं का, तर ‘गेम दादाच्या अकाउंटवर घेतलाय, मग त्याच्याच प्रोफाइलवरून खेळायला लागणार ना?’ नाही लागत. ही समजूत इतक्या घरांत पक्की बसली आहे की एकदा नीट मांडून टाकतो. गेम ज्या अकाउंटवर विकत घेतला ते अकाउंट वेगळं, आणि गेम ज्या प्रोफाइलवरून उघडला ते प्रोफाइल वेगळं. पहिल्यावरून गेम उघडेल की नाही हे ठरतं. सेव्ह कोणाच्या नावावर लिहिला जाईल हे दुसऱ्यावरून ठरतं.

कोथरूडमधलं एक घर घेऊ. मोठा भाऊ हिंजवडीला, अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा. दुपारी निघतो, रात्री दोन-अडीचला कॅब सोडते, मग झोप येईपर्यंत तासभर खेळतो. धाकटी बहीण सकाळी कॉलेजला जाते, संध्याकाळी कन्सोल तिच्याकडे. त्याला फुटबॉल आणि मारामारी आवडते, तिला कोडी आणि शेतीवाडीचे निवांत गेम. इथवर भांडणाला जागाच नाही, कारण गेमच वेगळे. अडचण येते ती दोघांना आवडलेल्या एका मोठ्या रोल-प्लेइंग गेममध्ये. तो सरळ मुख्य कथेच्या मागे धावतो. ती गावातल्या प्रत्येकाशी बोलते, प्रत्येक बारीकसारीक काम पूर्ण करते.

दोघं भावाच्याच प्रोफाइलवरून खेळतात, त्यामुळे कन्सोलच्या लेखी खेळाडू एकच आहे. बहीण संध्याकाळी खेळते, गेम आपोआप सेव्ह होतो. भाऊ रात्री पेंगुळलेल्या डोळ्यांनी Continue दाबतो आणि बहिणीचं पात्र समोर येतं, कारण Continue म्हणजे सगळ्यात ताजा सेव्ह. त्याच्या लक्षात येईपर्यंत त्यानं एखादा निर्णय घेऊन टाकलेला असतो, आणि ऑटोसेव्हनं तो नोंदवलेला असतो. पुष्कळ गेममध्ये हातानं सेव्ह करायला बरेच स्लॉट असतात, पण ऑटोसेव्हचे मोजकेच, आणि ते जुन्यावर नवं लिहीत जातात. काही गेममध्ये तर प्रोफाइलमागे सेव्हच एक असतो, तिथे New Game म्हणजे आधीचं सगळं पुसणं. ‘तू एक नंबरचा स्लॉट वापर, मी दोन नंबरचा’ असल्या करारांवर माझा काडीचा विश्वास नाही. ऑटोसेव्ह तो करार पाळत नाही.

आता खरी मेख. भावानं आपल्या अकाउंटवर घेतलेला डिजिटल गेम बहिणीला तिच्या स्वतःच्या प्रोफाइलवरून उघडता येतो. त्यासाठी भावाच्या लॉगिनमध्ये Settings, मग Users and Accounts, मग Other, आणि तिथे Console Sharing and Offline Play हे चालू असावं लागतं. घरात कन्सोल एकच असेल तर बहुधा ते आधीपासून चालू असतं, तरी एकदा बघून घ्यावं. एका अकाउंटसाठी हे एकाच पीएस-फाइव्हवर चालू ठेवता येतं. त्याचा अर्थ असा, की या अकाउंटचे गेम या कन्सोलवरच्या कुठल्याही प्रोफाइलला खुले. भाऊ त्या वेळी लॉगिन असायची गरज नाही. बहिणीनं आपल्या प्रोफाइलवरून गेम उघडला की तिचा सेव्ह तिच्या नावावर लिहिला जातो, ट्रॉफ्या तिला मिळतात, आणि Continue दाबल्यावर तिचंच पात्र समोर येतं. पुस्तक एकानं विकत आणलं तरी वाचल्याची खूण ज्याची त्यानं ठेवायची, तसं हे आहे.

गेम दोनदा डाउनलोडही होत नाही. बऱ्याच जणांना वाटतं की दुसरं प्रोफाइल म्हणजे शंभर जीबी आणखी गेले. इन्स्टॉल झालेला गेम सगळ्यांना एकच असतो, वेगळे असतात ते फक्त सेव्ह. जुन्या पीएस-फाइव्हवर वापरायला मिळणारी जागा सुमारे 667 जीबीच आहे, त्यामुळे ही भीती समजण्यासारखी आहे, पण निराधार आहे. डिस्कवरच्या गेमचं तर आणखी सोपं: डिस्क आत असली की कुठलंही प्रोफाइल तो गेम उघडू शकतं.

मग लोक परत दादाच्या प्रोफाइलकडे का वळतात? एका साध्या गोष्टीमुळे. बहीण Game Library उघडते आणि Your Collection बघते. तिथे फक्त तिनं स्वतः घेतलेले गेम दिसतात, म्हणजे बहुधा काहीच नाही. ‘माझ्याकडे गेम येतच नाही’ असा निष्कर्ष निघतो. शेजारच्या Installed मध्ये जायचं, तिथे भावाचे इन्स्टॉल केलेले सगळे गेम दिसतात. गेमवर कुलूप दिसत असेल तर भावाच्या लॉगिनमध्ये वर सांगितलेलं शेअरिंग तपासायचं, आणि त्याच Other मध्ये Restore Licenses चालवायचं.

दोन गोष्टी मात्र या वाटणीत येत नाहीत. भावाच्या पीएस प्लसवर, म्हणजे सोनीच्या पैसे भरून घ्यायच्या मेंबरशिपवर, बहिणीला ऑनलाइन खेळता येतं, त्याला दर महिन्याला मिळालेले गेमही उघडता येतात, पण सेव्हची क्लाउड प्रत फक्त भावाच्या सेव्हची राहते. बहिणीचे सेव्ह या कन्सोलवर असतात आणि तिची स्वतःची मेंबरशिप नसेल तर दुसरीकडे कुठेच नसतात. दुसरं म्हणजे गेममधलं चलन, नाणी वगैरे. ते ज्यानं घेतलं त्याच्याच अकाउंटला मिळतं.

हे सगळं पहिल्याच तासात करायला सांगतो, कारण नंतर दुरुस्ती नाही. भावाच्या प्रोफाइलवर बहिणीनं आधीच महिनाभर खेळून ठेवलेला सेव्ह तिच्या प्रोफाइलवर हलवायची सोय पीएस-फाइव्हमध्ये नाही. पीएस-फाइव्हच्या गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर काढताच येत नाहीत. अशा वेळी तो एक गेम तिनं तिथेच संपवावा, भावानं तेवढ्यापुरतं आपलं पात्र नव्या प्रोफाइलवर सुरू करावं, हाच मला योग्य वाटणारा मार्ग आहे. महिनाभराची मेहनत ज्याची जास्त, त्यानं जागा सोडायची नाही.

सेव्ह पुसण्याबद्दलही एक घोळ आहे. जागा करायला गेम डिलीट केला तर सेव्ह जात नाहीत, गेम पुन्हा टाकला की सगळं जिथल्या तिथे सापडतं. प्रोफाइल डिलीट केलं तर त्या प्रोफाइलचे कन्सोलवरचे सगळे सेव्ह जातात. लोक पहिलं करायला घाबरतात आणि दुसरं ‘जरा साफसफाई’ म्हणून करून बसतात. पाहुण्यांसाठी असलेल्या Quick Play चंही तसंच, लॉगआउट केलं की त्यातलं सगळं पुसलं जातं. घरच्या माणसाला कधीही तिथे बसवू नका.

प्रोफाइल वेगळी केल्यावर राहतो तो पाळी बदलण्याचा प्रश्न. बहिणीनं गेम चालू ठेवून कन्सोल रेस्ट मोडमध्ये टाकला, म्हणजे गेम फक्त थांबलेला आहे, सेव्ह झालेला नाही. रात्री भावानं आपल्या प्रोफाइलवरून कुठलाही गेम उघडला की तिचा थांबलेला गेम बंद करावा लागतो आणि शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं जातं. वीज गेली तरी तेच, आणि महावितरणचा दुरुस्तीचा गुरुवार पुण्यात कोणाला सांगायला नको. म्हणून नियम एकच: हातानं सेव्ह करायचं, गेम बंद करायचा, मग उठायचं. ‘दादा, मी फक्त पॉज केलंय, हात लावू नकोस’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. आणि Login Settings मध्ये कुणाचंही आपोआप लॉगिन चालू ठेवू नका. ते चालू असलं की कन्सोल सरळ त्याच माणसाच्या नावानं उघडतो आणि दुसरा नकळत त्याच्या प्रोफाइलवर जाऊन बसतो. चार आकडी पासकोडही लावा, भावंडांत अविश्वास म्हणून नव्हे, पेंगुळलेल्या हातांसाठी.

आवडीनिवडींचं बरंचसं काम प्रोफाइल परस्पर करून टाकतं. होम स्क्रीनवर ज्याचे त्याचे अलीकडचे गेम दिसतात. त्याहून उपयोगाचं म्हणजे Saved Data and Game/App Settings मधलं Game Presets, जे माझ्या अनुभवात कोणी उघडूनच बघत नाही. सोपं की अवघड, चित्र देखणं हवं की वेगवान, सबटायटल हवेत का, कॅमेरा वर-खाली उलटा हवा का, हे प्रत्येकानं आपापल्या प्रोफाइलमध्ये एकदा ठरवायचं. ज्या गेमना ते समजतं ते आपसूक तसे उघडतात. रोज रात्री बहिणीचा उलटा कॅमेरा सरळ करत बसणं हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे.

एक्सबॉक्सवर मांडणी जवळपास हीच आहे, फक्त सेव्ह क्लाउडवर ठेवायला पैसे पडत नाहीत, आणि हे मला सोनीपेक्षा जास्त पटतं. स्विचवरही सेव्ह प्रोफाइलप्रमाणेच असतात, पण ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ सारखा अपवाद ध्यानात ठेवा. तिथे एका कन्सोलवर एकच बेट, ते सुरू करणारा त्याचा प्रमुख, बाकीचे त्याच बेटावरचे रहिवासी. तो गेम आधी कोण उघडणार हे दोघांनी बोलून ठरवायचं.

भाऊ नोकरीसाठी बंगळुरूला निघाला तर हाच फरक पुन्हा उपयोगी पडतो. त्यानं तिथे नवा पीएस-फाइव्ह घेतला तरी शेअरिंग कोथरूडच्या कन्सोलवरच चालू राहू द्यावं. तो स्वतः आपल्या अकाउंटनं लॉगिन करून, इंटरनेट चालू ठेवून नव्या कन्सोलवर आपले गेम खेळू शकतो, आणि घरी बहिणीचेही उघडत राहतात. उलट तो जुना कन्सोल घेऊन गेला, तर तिनं त्याआधी स्वतःची पीएस प्लस घेऊन आपले सेव्ह क्लाउडवर चढवावेत. आणि त्यानं घाईघाईत तिचं प्रोफाइल डिलीट करण्याआधी ते चढले आहेत ना, हे एकदा तिला फोन करून विचारावं.